‘नॉर्मल’ म्हणजे साधारण नव्हे

अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीतला एक पेपर मी अजून कपाटात ठेवला आहे. प्रश्न सोपा होता. टेबलावर ठेवलेल्या ठोकळ्यावर कोणकोणती बलं आहेत, ती आकृती काढून दाखवा. मुलीनं ठोकळा पट्टीनं आखला होता. खाली जाणारा बाण काढून त्यापुढे इंग्रजीत वजन लिहिलं होतं. वर जाणारा बाणही काढला होता, त्यापुढे ‘नॉर्मल फोर्स’ लिहून मग खोडलं होतं आणि बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात, माझ्यासाठी नव्हे तर स्वतःसाठी, लिहिलं होतं: ‘साधारण बल?’

ही मुलगी दहावीला विज्ञानात नव्वदच्या वर गुण घेऊन आली होती. आठ किलोमीटरवरच्या गावातली मराठी शाळा, तिथून आमच्या तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात, जिथे विज्ञान इंग्रजीतून. मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि विचारलं, ‘‘दहावीत अपवर्तनाची आकृती काढायचीस ना? तिथे काचेला काटकोनात एक तुटक रेघ असायची, तिला काय म्हणायचीस?’’

‘‘स्तंभिका.’’ उत्तर चटकन आलं.

‘‘तीच ही नॉर्मल. पृष्ठभागाशी काटकोनात. टेबल ठोकळ्याला वर ढकलतं ते स्तंभिकेच्या दिशेनं, म्हणून ते बल नॉर्मल.’’

तिनं पेपरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘मग उतारावर ठेवलेल्या ठोकळ्याला हे बल सरळ वर नसणार, तिरकं असणार ना सर?’’ जी गोष्ट वर्गात दोन तास फळ्यावर आकृत्या काढूनही पोरांच्या गळी उतरत नाही, ती तिनं एका शब्दावरून स्वतःच काढली. अशा पोरांसाठी इंग्रजी–मराठी शब्दसंग्रह करायचं माझ्या डोक्यात आलं ते त्या दिवशी. मात्र जो मी पहिल्यांदा केला तो फसला, आणि कसा फसला ते सांगण्यासारखं आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी बसलो. समोर दहावीची ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ची दोन्ही भागांची पुस्तकं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांची. जोडीला भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की मराठी संज्ञा एकमेकींशी भांडतात. पाठ्यपुस्तकात त्वरण आहे, विश्वकोशात प्रवेग. पाठ्यपुस्तकात पेशी आणि ऊती, विश्वकोशात कोशिका आणि ऊतक. मला स्वतःला प्रवेग हा शब्द त्वरणापेक्षा बरा वाटतो, वेगाशी त्याचं नातं दिसतं. पण माझ्या आवडीला इथे किंमत नाही. मुलांनी दहावीपर्यंत जो शब्द वाचला, लिहिला, ज्यावर गुण मिळवले, तोच त्यांच्या डोक्यात रुजलेला असतो. त्याच्यावर इंग्रजी शब्द बसवायचा तर तो जुना शब्द बदलून चालणार नाही. म्हणून नियम केला: दहावीच्या पुस्तकात संज्ञा असेल तर तीच, नसेल तर कोशातली, आणि कोशातली वाचून मलाच काही बोध होत नसेल तर साध्या मराठीत एक वाक्य.

सुट्टीच्या शेवटी साठ पानांचा, इंग्रजी वर्णानुक्रमे लावलेला संग्रह तयार झाला. हजारावर शब्द. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून प्रती काढल्या, स्पायरल बाइंडिंग केलं आणि मराठी माध्यमातून आलेल्या पंधरा-वीस पोरांना वाटल्या. मी खूश होतो.

दोन आठवड्यांनी प्रती पाहायला मागितल्या. सगळ्या कोऱ्या करकरीत. कुठे कोपरा दुमडलेला नाही, कुठे पेनाची रेघ नाही. एका मुलानं घाबरत सांगितलं, ‘‘सर, यातले शब्द आम्हाला येतात. दहावीच्या पुस्तकात मराठी शब्दापुढे कंसात इंग्रजी दिलेलंच असतं की. आम्ही अडतो ते यात नाही.’’

‘‘मग कुठे अडता?’’

त्याला सांगता येईना. आणि त्यात त्याची चूक नव्हती. कुठे अडतो ते सांगता आलं असतं तर तो अडलाच नसता.

तेव्हा मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. गतीच्या नियमांच्या प्रकरणातलं एक पान झेरॉक्स करून सगळ्यांना दिलं. सूचना एवढीच, की वाचताना जिथे थांबावं लागेल तिथे पेन्सिलीनं रेघ मारा. ‘न समजलेला शब्द’ असं मुद्दाम म्हटलं नाही, कारण त्यात लाज असते. वीस मिनिटांनी पानं गोळा केली आणि रात्री घरी बसून कुठल्या शब्दाखाली किती रेघा ते मोजत बसलो.

फोर्स, मास, इनर्शिया, फ्रिक्शन यांच्याखाली जवळजवळ रेघा नव्हत्या. ज्यांच्यासाठी मी साठ पानं खर्चली होती, ते हेच शब्द. रेघा होत्या त्या ‘नेग्लिजिबल’खाली, ‘रिस्पेक्टिव्हली’खाली, ‘एक्झर्टेड’, ‘हेन्स’, ‘व्हेअरॅज’, ‘अॅट रेस्ट’ यांच्याखाली. यांतला एकही शब्द विज्ञानाची संज्ञा नाही, त्यामुळे कुठल्याही परिभाषा कोशात तो शोधायला कोणी जाणार नाही. आणि इंग्रजीच्या तासाला हे शब्द कवितेत, गोष्टीत फारसे येत नाहीत. दोन विषयांच्या मधल्या फटीत पडलेले हे शब्द. भौतिकशास्त्राच्या मास्तरला वाटतं इंग्रजीच्या मास्तरनं शिकवले असतील, इंग्रजीच्या मास्तरचं काय म्हणणं असतं ते मी विचारलेलं नाही.

दुसऱ्या खेपेला मी वर्णानुक्रम सोडला. शब्द घेतले ते गणितांतून, प्रकरणाप्रमाणे. एक उदाहरण पूर्ण सांगतो, म्हणजे काय केलं ते कळेल. प्रश्न असा: पाच किलोग्रॅमचा एक ठोकळा आडव्या पृष्ठभागावर आहे, स्थितिक घर्षणाचा गुणांक 0.4 आहे, तो हलवायला कमीत कमी किती आडवं बल लागेल? मराठीत सरळ आहे. इंग्रजी पुस्तकात हाच प्रश्न येतो तेव्हा त्यात ठोकळा पृष्ठभागावर ‘रेस्ट्स’ असतो, पृष्ठभाग ‘रफ’ असतो आणि बल ठोकळ्याला ‘जस्ट’ हलवणारं हवं असतं. तिन्ही शब्द पोरांना ठाऊक आहेत. रेस्ट म्हणजे विश्रांती, रफ म्हणजे कच्ची वही, जस्ट म्हणजे आत्ताच. अडचण हीच, की शब्द ठाऊक असतात म्हणून त्यांच्यावर थांबायचं सुचत नाही.

रेस्ट म्हणजे स्थिर असणं, ठोकळ्यानं दमून बसणं नव्हे. रफ हा तर निरोप आहे: इथे घर्षण धरायचं आहे. समोर स्मूथ असतं तर निरोप उलटा असता, घर्षण शून्य धरा. पृष्ठभाग हाताला खडबडीत लागतो की गुळगुळीत, याच्याशी प्रश्न काढणाऱ्याला काही देणंघेणं नसतं. तसाच ‘लाइट स्ट्रिंग’मधला लाइट. तिथे उजेड नाही, हलकेपणाही पुरता नाही. दोरीचं वस्तुमान शून्य धरा, एवढाच हुकूम. आणि जस्ट म्हणजे जेमतेम. ठोकळा हलायच्या अगदी काठावर आहे, म्हणजे घर्षण त्याच्या कमाल मर्यादेला पोचलं आहे, म्हणजेच आता F = μN हे सूत्र वापरायची परवानगी आहे. तो ‘जस्ट’ वाचला नाही तर सूत्र का वापरलं याचं उत्तरच हातात राहत नाही. पुढची आकडेमोड दोन ओळींची: वजन 5 × 9.8 म्हणजे 49 न्यूटन, नॉर्मल बल N तेवढंच, त्याच्या 0.4 पट म्हणजे 19.6 न्यूटन.

माझ्या नव्या तक्त्यात म्हणून ‘रफ’पुढे ‘खडबडीत’ असं लिहिलं नाही. लिहिलं: ‘घर्षण आहे, विसरू नको’. ‘लाइट’पुढे: ‘याचं वस्तुमान धरू नको’. कोशकार मला माफ करणार नाहीत, पण पोरांनी या ओळी पाठ केल्या.

‘रिस्पेक्टिव्हली’ची गंमत वेगळी. त्याला मराठीत नेमका शब्द आहे, अनुक्रमे, आणि तो प्रत्येकाला येतो. पण मराठीत आपण तो आधी सांगतो: वस्तुमानं अनुक्रमे दोन आणि तीन किलोग्रॅम. इंग्रजीत तो वाक्याच्या शेपटाला येतो, तोवर वाचणाऱ्यानं आकडे कुठे तरी चिकटवून टाकलेले असतात. म्हणून तक्त्यात अर्थासोबत एक सवय लिहिली: हा शब्द दिसला की मागे फिर आणि बाण काढून जोड्या लाव.

असंच मागे फिरणं व्याख्यांनाही लागतं. त्वरणाची इंग्रजी व्याख्या ‘रेट ऑफ चेंज ऑफ व्हेलॉसिटी’ अशी चालते. पोरं डावीकडून एकेक शब्दाचा अर्थ लावत जातात: दर, बदल, वेग. हाताला तीन सुटे मणी लागतात, माळ होत नाही. मी फळ्यावर तोच तुकडा लिहितो आणि उजवीकडून वाचायला लावतो. प्रत्येक ‘ऑफ’ला ‘चा, ची, चे’ लावायचं. वेगाच्या, बदलाचा, दर. झाली मराठी व्याख्या. शेवटून पहिल्याकडे यायचं. दोन ‘ऑफ’ असले तरी चालतं, तीन असले तरी चालतं. शब्दसंग्रहात व्याकरण घालायचं नसतं असं म्हणतात, पण या एका ‘ऑफ’साठी मी अख्खं पान दिलं आणि ते सगळ्यात मळलेलं पान आहे.

तक्त्यात अर्थाच्या आधी मी एक स्तंभ उच्चाराचा घातला, देवनागरीत. हा सल्ला जीवशास्त्राच्या मॅडमचा. त्यांच्या तासाला एक मुलगा जलवाहिन्यांबद्दल शंका विचारायला उभा राहिला आणि तसाच खाली बसला, कारण इंग्रजी शब्द एक्सनं सुरू होत होता आणि त्याचा उच्चार झायलेम होतो हे त्याला माहीत नव्हतं. चारचौघांत चुकीचं म्हणण्यापेक्षा न विचारलेलं बरं. न्यूमॅटोफोरच्या सुरुवातीचा ‘पी’ मुका असतो, हे कोणी सांगितल्याशिवाय कळायचं कसं? मॅडम म्हणाल्या, ‘‘सर, अर्थ ते पुस्तकातून शोधतील. तोंडातून शब्द निघाला पाहिजे, मग पुढचं.’’ त्यांचं खरं निघालं. आकड्यांचंही थोडं तसंच आहे. आपल्याकडे एकोणऐंशी म्हणताना कान ऐंशीकडे लागलेला असतो, इंग्रजीत सेव्हंटी नाइन म्हणताना सत्तरकडे. मी भराभर आकडे सांगितले की वहीत एकोणऐंशीचे एकोणनव्वद झालेले असतात. त्याला तक्ता काय करणार! मी आता आकडे फळ्यावर लिहितो.

रसायनशास्त्राच्या मॅडमनी आणलेलं प्रकरण मात्र मला अजिबात माहीत नव्हतं. त्यांच्याकडे एका मुलानं सोडियम हायड्रॉक्साइड हे ‘सॉल्ट’ आहे असं लिहिलं होतं. मॅडमना वाटलं बेपर्वाई. मुलाला विचारलं तर तो ठाम: ‘‘व्हिडिओत सांगितलंय मॅडम, क्षार आहे म्हणून.’’ व्हिडिओ हिंदीतला होता. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली, आणि सोडियम हायड्रॉक्साइड अल्कली आहेच. हिंदीत सॉल्टला लवण म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकात मात्र सॉल्टला क्षार म्हणतात आणि बेसला आम्लारी. मुलानं हिंदीतला क्षार ऐकला, मराठीतला समजला आणि इंग्रजीत सॉल्ट लिहिला. तीन भाषांतून प्रामाणिकपणे चालत जाऊन तो चुकीच्या दारात पोचला होता.

मग आम्ही दोघांनी अशा फसव्या जोड्या हुडकायला सुरुवात केली. आपला अणू म्हणजे अॅटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत अॅटमला परमाणु आणि मॉलिक्यूलला अणु म्हणतात. म्हणजे हिंदी मास्तर अणु म्हणतो तेव्हा आपल्या पोरानं रेणू ऐकायला हवं. आपली पेशी म्हणजे सेल. हिंदीत सेलला कोशिका, आणि पेशी म्हटलं तर स्नायू. आपण सातवीत प्रकाशाचं विकिरण शिकतो ते स्कॅटरिंग, आकाश निळं दिसतं ते. हिंदीत विकिरण म्हणजे रेडिएशन, ज्याला आपण उष्णतेच्या धड्यात प्रारण म्हणतो. शिकवणी परवडत नाही अशा घरातली पोरं संध्याकाळी मोबाइलवर हिंदीतूनच शिकतात. त्यात वाईट काही नाही, मास्तर चांगलेही असतात. पण दोन्ही लिप्या एक, शब्द एक आणि अर्थ वेगळे, तेव्हा गफलत झाल्याचं कळतसुद्धा नाही. या जोड्यांचं एक पान तक्त्याच्या शेवटी लावलं. मराठी–इंग्रजी शब्दसंग्रहात हिंदीचा स्तंभ येईल असं सुरुवातीला मला कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

आता माझी चूक. घनपदार्थांच्या यांत्रिक गुणधर्मांचं प्रकरण आलं तेव्हा मी घाईत होतो. टेन्शनपुढे लिहिलं ‘ताण’. चार ओळी खाली स्ट्रेस आला, त्याच्याही पुढे ‘ताण’. बोलताना आपण दोन्हीला ताणच म्हणतो, त्यामुळे हाताला काही खटकलं नाही. चाचणीत एकानं तारेवरचा स्ट्रेस काढायला सांगितल्यावर तारेला लटकवलेलं वजन काढलं आणि उत्तर न्यूटनमध्ये दिलं. दुसऱ्यानं उलट केलं, दोरीतलं टेन्शन क्षेत्रफळानं भागून टाकलं. मी लाल पेन उचलला आणि मग तक्ता काढून पाहिला. दोघांनीही माझ्याच तक्त्याचं ऐकलं होतं. त्या प्रश्नाचे गुण मी सगळ्यांना दिले.

स्ट्रेसला कोशात प्रतिबल असा शब्द आहे आणि स्ट्रेनला विकृती. दहावीपर्यंत हे शब्द पोरांना भेटलेले नसतात, त्यामुळे प्रतिबल लिहून त्यांच्या डोक्यात फारसा उजेड पडत नाही. मी एक नवा स्तंभ वाढवला, एककाचा. टेन्शन: दोरी ओढणारं बल, न्यूटन. स्ट्रेस: एकक क्षेत्रफळावर आतून उभं राहणारं बल, न्यूटन प्रति चौरस मीटर. स्ट्रेन: मूळ लांबीच्या मानानं किती लांबी वाढली, एकक नाही. आणि बारावीला सरफेस टेन्शन भेटतं, पृष्ठताण, त्याचं एकक न्यूटन प्रति मीटर, म्हणजे नाव टेन्शनचं पण ते दोरीतलं टेन्शन नव्हे. गावाबाहेरून जाणारी हाय टेन्शन लाइन तर याहून निराळी, तिथे टेन्शन म्हणजे व्होल्टेज. एका मराठी शब्दापुढे दोन इंग्रजी शब्द आले किंवा उलट झालं, की आता मी एककाकडे बघतो. एककं वेगळी असतील तर संकल्पना वेगळ्या, मग शब्द कितीही सारखे दिसोत. एककं सारखी असली म्हणून संकल्पना एकच असं मात्र नाही. कार्य आणि ऊर्जा दोन्ही ज्यूलमध्येच मोजतात.

‘बेस’चंही असंच. गणितात घातांकाचा पाया, त्रिकोणाचाही पाया, रसायनात आम्लारी, आणि अर्धवाहकांत ट्रान्झिस्टरचा मधला थर. इथे एकच ‘अर्थ’ देणं म्हणजे फसवणूक. तक्ता प्रकरणाप्रमाणे लावल्याचा हा फायदा झाला, ज्या प्रकरणात जो बेस तोच तिथे लिहायचा. वर्णानुक्रमाच्या संग्रहात चारही एका ओळीत कोंबले होते.

मराठी संज्ञा जड म्हणून हिणवायची आपल्याला सवय आहे, पण काही ठिकाणी त्या इंग्रजी शब्दाचं कुलूप उघडून देतात. आयसोटोप हा शब्द ग्रीक, आयसो म्हणजे समान आणि टोपॉस म्हणजे जागा. आपला समस्थानिक अक्षरशः तोच. का समान स्थान? कारण अणुअंक एकच असल्यानं आवर्तसारणीत दोघे एकाच घरात बसतात. फोटोसिंथेसिस आणि प्रकाशसंश्लेषण यांचंही तसंच, तुकड्याला तुकडा. पेशीतल्या लायसोसोमला आपण लयकारिका म्हणतो आणि ग्रीक लायसिस म्हणजे विघटन, लय. एकदा हे दाखवलं की हायड्रोलिसिस, इलेक्ट्रोलिसिस अशा शब्दांत पोरं स्वतःच ‘लिसिस’ पकडायला लागतात. पण हे सगळीकडे चालत नाही आणि ओढूनताणून चालवायचंही नाही. मी एकदा मोमेंट आणि मोमेंटम यांचं नातं सांगायला गेलो आणि अर्धा तास घालवला. पोरांना एवढंच हवं होतं की मोमेंट ऑफ फोर्समधला मोमेंट म्हणजे क्षण नव्हे, बलाचा वस्तूला फिरवणारा परिणाम, आणि मोमेंटम म्हणजे संवेग.

टंकनाचं थोडक्यात सांगतो, कारण कोणी करायला घेतलं तर उपयोगी पडेल. पहिला संग्रह मी ओळखीच्या छपाईवाल्याकडे जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतला होता. फाइल मोबाइलवर उघडली की मराठीच्या जागी भलतीच अक्षरं. सगळं पुन्हा युनिकोडमध्ये टाइप करावं लागलं. आता एक्सेलच्या तक्त्यात आहे: इंग्रजी शब्द, उच्चार, दहावीची संज्ञा, एकक, आणि पुस्तकातलं एक वाक्य. प्रकरणागणिक एक कागद, पाठपोट. अकरावी भौतिकशास्त्राची 14 प्रकरणं म्हणजे 14 कागद. पोरं ज्या प्रकरणाचा अभ्यास चालू आहे तेवढा कागद पुस्तकात ठेवतात, बाकीचे घरी. साठ पानांचं बाड दप्तरात कोण वागवणार?

एक गोष्ट मला उशिरा उमगली, ती तक्त्याच्या मर्यादेची. तो पाच किलोचा ठोकळा आठवा. एका चाचणीत मी त्यावर 10 न्यूटन बल लावलं आणि घर्षणबल किती ते विचारलं. अर्ध्या वर्गानं 19.6 लिहिलं. मी लगेच भाषेला दोष दिला आणि तक्त्यात काय घालावं याचा विचार करू लागलो. मग सुचलं म्हणून दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न शुद्ध मराठीत दिला, दहावीच्या संज्ञा वापरून. तरीही त्यातल्या बऱ्याच जणांचं उत्तर 19.6. ठोकळा हलतच नाही, म्हणजे घर्षण लावलेल्या बलाएवढंच, 10 न्यूटन, 19.6 ही त्याची कमाल मर्यादा, नेहमीची किंमत नव्हे. हे त्यांना कुठल्याच भाषेत कळलेलं नव्हतं, आणि ते शिकवण्यातलं माझं काम होतं. पण दोन-तीन मुलांचं मराठीत बरोबर आलं आणि इंग्रजीत चुकलेलं होतं. तक्ता त्यांच्यासाठी. तेव्हापासून चाचणीत कुठला प्रश्न सपाटून चुकला की मी आधी तो मराठीत देऊन पाहतो. दहा मिनिटं जातात, पण अडचण शब्दांची आहे की संकल्पनेची ते समजतं.

काही शिक्षक मित्र म्हणतात, आयतं देऊन तुम्ही त्यांना मराठीवर टेकून ठेवता. मलाही ही शंका होती. दिसलं असं, की पोरं तक्ता पहिले तीन-चार महिने सतत उघडतात, फेब्रुवारीपर्यंत बहुतेकांचा तो पुस्तकात नुसता खूण म्हणून राहतो. उत्तरं इंग्रजीतच लिहितात, लिहायलाच लागतात. वहीच्या समासात मात्र मराठी शब्द असतात, बारावी संपेपर्यंत. ते मी खोडायला सांगत नाही. माझ्या स्वतःच्या टिपणांतही आहेत.

‘साधारण बल’वाली मुलगी बारावीला गेली तेव्हा तिचे कागद तिनं खालच्या वर्गातल्या एकीला दिले. ती एकदा शंका घेऊन आली तेव्हा ते माझ्या हाती आले. कडेनं निळ्या पेनानं थोरलीनं भर घातलेली. ‘अप्रिशिएबल’पुढे मी लिहिलं होतं ‘लक्षणीय’, ते खोडून तिनं लिहिलं होतं ‘मोजण्याइतका’. तिचं बरोबर होतं, मी फाइलमध्ये बदललं.

आता स्टाफरूमबाहेर एक चपलांचं रिकामं खोकं ठेवलं आहे. अडलेला शब्द चिठ्ठीवर लिहून टाकायचा, नाव घालायचं नाही. गेल्या सोमवारी त्यात एकच चिठ्ठी होती. पुस्तकात कुठे तरी ‘अ बॉडी ऑफ मास, से, टू केजी’ असं वाक्य आलं होतं. मुलानं किंवा मुलीनं ते ‘से’ गोल करून खाली विचारलं होतं, ‘‘सर, कोणी कोणाला सांगायचं?’’

मी चिठ्ठीमागे लिहिलं, ‘समजा’, आणि सूचना फलकावर लावून दिली.